चवीचा व्हिडिओ बघून केटरर ठरवू नका!

लग्नसराई आली की अलिबाग, मुरूड, श्रीवर्धनच्या केटरर्सचे व्हिडिओ फिरू लागतात. चकचकीत ओटा, टोपीवाला आचारी, दहा वाट्यांत मेन्यू, मुलीचे आईवडील चव घेऊन माना डोलवताहेत आणि खाली 'ताट ४०० ते ९००'. चांगलं दिसतं. पण माझं स्पष्ट म्हणणं आहे, यातून कळायला हवं ते काहीच कळत नाही.

चव बघायचा मसालेभात दहा जणांसाठी शिजतो आणि वाफाळता समोर येतो. लग्नाचा भात पाचशे जणांचा. समजा मुहूर्त १२.३५ चा आहे. जेवण गावातल्या किचनमध्ये शिजून टेम्पोने किनाऱ्यावरच्या हॉलला जाणार, म्हणजे भात ९ वाजता उतरतो. पहिली पंगत सव्वाला बसते, शेवटचं ताट साडेतीनला. साडेसहा तास! गरम अन्न ६० अंशांच्या वर राहिलं पाहिजे. झाकलेल्या टोपात ते कोमट होत गेलं, की शिजवूनही तग धरलेले भातातले जिवाणू वाढतात. त्यातले काही असं विष तयार करतात की भात पुन्हा गरम केला तरी ते जात नाही. वास येत नाही, चव बदलत नाही. उलट्या मात्र काही तासांत सुरू होतात.

म्हणून विचारा: भात किती वाजता उतरणार? दोन खेपांत जागेवर शिजवाल का? टोपात घालून बघायचा थर्मामीटर आहे का? ज्याच्याकडे आहे तो लगेच काढून दाखवतो.

दुसरी गोष्ट बर्फाची. आपल्याकडे बंदरांमुळे मासळीच्या बर्फाला तोटा नाही. २०१८ पासून खाण्यासाठी नसलेल्या बर्फात निळा रंग घालायचा नियम आहे, तो यासाठीच. मठ्ठ्यात किंवा सरबतात पडणारी लादी निळसर दिसली तर ती परत पाठवा. पण पांढरी दिसली म्हणून लगेच निर्धास्त होऊ नका, खाण्याचा बर्फ कुठून आणला त्याचं बिल मागा. पैसे तुम्ही देताय, संकोच कसला?

आता ते '४०० ते ९००'. ४०० मध्ये पाणी, वाढपी, टेम्पो आहे का? ५०० ताटांची हमी दिली आणि ४२० जण जेवले, तर ८० ताटांचे ३२ हजार कोणाचे? हे लेखी नसेल तर तुमचेच.

शेवटी १४ आकडी एफएसएसएआय नंबर मागा आणि त्यावरचं नाव, पत्ता त्याच किचनचा आहे का ते बघा. नंबर असला म्हणजे भात गरम राहिला असं होत नाही, पण जो नंबरच देत नाही त्याच्याशी पुढे बोलायचं कशाला?

केटररबंधूंनो, राग मानू नका. पुढच्या व्हिडिओत गुलाबजाम कमी दाखवा आणि दुपारी तीनच्या टोपातला थर्मामीटर दाखवा. तो व्हिडिओ मी स्वतः शेअर करीन.