दह्याचा डबा हेच माप

फ्रान्समधली मुलं आयुष्यात पहिल्यांदा जो केक करतात, तो बहुतेक वेळा ‘गातो ओ याउर्त’, म्हणजे दह्याचा केक असतो. बालवाडीतसुद्धा तो करून घेतात. वजनकाटा लागत नाही. दही ओतून झालं की तोच रिकामा डबा, फ्रेंचांचा ‘पो’, माप होतो. एक पो दही, दोन पो साखर, तीन पो मैदा, अर्धा पो तेल, तीन अंडी आणि बेकिंग पावडरची 11 ग्रॅमची एक पुडी.

घोळ होतो तो या कृतीचं ग्रॅममध्ये रूपांतर करताना. डब्यावर 125 ग्रॅम छापलेलं असतं, म्हणून नवशिका तीन पो मैदा म्हणजे 375 ग्रॅम धरतो. पण 125 हे दह्याचं वजन. त्याच डब्यात मैदा भरला तर जेमतेम 70-80 ग्रॅम मावतो, कारण तो हलका. म्हणजे लागतो सव्वादोनशेच्या आसपास. दीडशे ग्रॅम जास्त पडला की मिश्रण चमच्यावरून ओघळतच नाही, गोळा होऊन पडतं. आणि केक कोरडा, वर भेगा पडलेला निघतो.

दुसरी गोष्ट क्रियापदांची. फ्रेंच कृतीत वाक्य अनेकदा आज्ञार्थी क्रियापदाने सुरू होतं: ‘मेलांजे’, ‘आजूते’, ‘व्हेर्से’. मिसळा, घाला, ओता. आपल्याकडे फ्रेंचच्या वर्गात आज्ञार्थ शिकवायला पाककृती हमखास घेतात, आणि तिथे तीन क्रियापदांना ‘ढवळा’ या एकाच अर्थात कोंबलं जातं. ‘मेलांजे’ म्हणजे नुसतं एकजीव करा. ‘बाते’ म्हणजे फेटा. दही, साखर आणि अंडी खुशाल फेटावीत. ‘अँकॉर्पोरे’ म्हणजे हलक्या हाताने सामावून घ्या, आणि हे क्रियापद शोभतं मैद्याला. मैदा फेटत बसलं की त्यातलं ग्लुटेन ताणलं जातं आणि केक चिवट होतो. कोरडं पीठ दिसेनासं झालं की हात थांबवायचा. तेल सगळ्यात शेवटी.

पुडीवरही नजर हवी. ‘लव्ह्यूर शिमिक’ ही बेकिंग पावडर. ‘लव्ह्यूर द बुलांजे’ हे पावाचं यीस्ट. नावं जवळची, काम निराळं.

ओव्हन आधी तापवून 180 अंशांवर. जुन्या फ्रेंच ओव्हनच्या बटणावर तो आकडा 6 असतो. अर्ध्या तासानंतर मधोमध सुरी खुपसून पाहा. ओली आली तर आणखी पाच मिनिटं द्या. वरचा रंग बघून फसू नका, कारण वरून तांबूस दिसणारा केक आत कच्चा असू शकतो.

आपल्या वाटीनेही हा केक होतो, पण अंडी आणि पावडर ठरलेली असल्यामुळे मोठी वाटी चालत नाही. साधारण 125 मिलिलिटरची घ्या आणि शेवटपर्यंत तीच वापरा.