दोन फोटो आणि मधली ट्यूब

आमच्या पॅरिशमधील एका शेतकरी घरातल्या धाकट्या सुनेने आम्हांला मोबाईलवर दोन फोटो दाखविले. पहिला जुलै महिन्यातला, बाळंतपणाला दोन महिने झाले असतानाचा. त्यात बेंबीखाली आणि कमरेच्या दोन्ही बाजूंना जांभळट-तांबूस पट्टे ठळक दिसत होते. दुसरा फोटो पुढच्या ईस्टरच्या आठवड्यातला. त्यात तेच पट्टे फिके, पांढुरके झालेले. मधल्या नऊ महिन्यांत तिने दर महिन्याला साडेतीनशे रुपयांची एक ट्यूब वापरली होती. म्हणजे ३,१५० रुपये झाले. पण गुण आला म्हणून तिला त्याचे वाईट वाटत नव्हते.

तिचे फोटो पाहून थोरल्या जावेनेही तीच ट्यूब आणली. तिच्या पोटावरचे पट्टे अकरा वर्षांपूर्वीचे, धाकट्या मुलाच्या वेळचे. काजूच्या पैशांतून मुलाच्या फीसाठी बाजूला ठेवलेल्या रकमेतले १,४०० रुपये तिने चार ट्यूबांवर घातले. तिला काडीचाही फरक दिसला नाही. आता घरात दोन मते झाली. धाकटी म्हणे, "ताई, तुम्ही नेमाने लावलीच नसेल." थोरली म्हणे, "माझी कातडीच मेली, तिला काय लागू पडणार!" आमचे मत तिसरेच आहे. थोरलीच्या कातडीत काही दोष नाही आणि धाकटीच्या ट्यूबमध्ये काही गुण नाही. दोन फोटोंच्या मध्ये काम केले ते काळाने. हे कसे, ते या पानावर नीट सांगावे असे आम्हांला वाटते, कारण असे फोटो हल्ली घरोघर फिरत आहेत.

या पट्ट्यांना इंग्रजी नावाने सगळे स्ट्रेच मार्क्स म्हणतात. आपण ताणरेषा म्हणू. आपल्या कातडीचा वरचा थर पातळ असतो. त्याच्या खाली एक जाड थर असतो, आणि कातडीला बळकटी व लवचीकपणा देणारे तंतू त्यातच असतात. गरोदरपणात, वयात येताना झपाट्याने उंची वाढत असताना, किंवा वजन एकदम वाढल्यावर हा आतला थर ताणला जातो. शरीरातल्या अंतःस्रावांमुळे त्याच काळात तो काहीसा दुबळाही झालेला असतो. मग आतले तंतू जागोजाग तुटतात. वरची कातडी फाटत नाही, पण खालची तुटलेली जागा तिच्यातून दिसते. तीच ताणरेषा. एकाच घरात मायलेकींना दोघींनाही त्या येतात आणि शेजारणीला मुळीच येत नाहीत, कारण यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे. तेल लावले नाही म्हणून त्या आल्या, असे कुणा गरोदर बाईला ऐकवू नये.

नव्या रेषेत सूज असते आणि बारीक रक्तवाहिन्या फुगलेल्या असतात. म्हणून गोऱ्या कातडीवर ती गुलाबी किंवा लाल दिसते. आपल्यासारख्या सावळ्या कातडीवर ती जांभळट किंवा गडद तपकिरी दिसते. ती किंचित उंच लागते आणि कधी खाजते. पुढे काही महिन्यांत, कुणाच्या बाबतीत वर्ष-दीड वर्षात, सूज उतरते व रक्तवाहिन्या आक्रसतात. रेषा फिकी पडते, आजूबाजूच्या कातडीपेक्षा पांढरी होते, थोडी खोल जाते आणि तिच्यावर बारीक सुरकुत्या दिसतात. हा बदल क्रीम लावले तरी होतो आणि न लावले तरी होतो. जाहिरातदाराचे सारे भांडवल एवढेच आहे. तो लाल रेषेचा फोटो आधी दाखवितो, पांढऱ्या रेषेचा नंतर दाखवितो आणि मध्ये आपली ट्यूब ठेवतो.

आपण शेतकरी या युक्तीला सहज फसू नये. नवे खत खरे का खोटे हे पाहायचे असेल तर आपण अर्ध्या वाफ्याला ते घालतो आणि अर्धा वाफा तसाच ठेवतो. दोन्हीकडे पीक सारखेच आले, तर ते पावसाने आले, खताने नव्हे. धाकट्या सुनेला आम्ही एवढेच विचारले, "कमरेच्या बाजूच्या पट्ट्यांना क्रीम लावत होतीस का?" ती म्हणाली, "नाही, ट्यूब पुरावी म्हणून फक्त पोटालाच." मग दोन्ही फोटोंतली कंबर पाहिली. क्रीमचा थेंबही न लागलेले पट्टे पोटावरच्या पट्ट्यांइतकेच फिके झाले होते. न घातलेला वाफा तिच्याच अंगावर होता. तिकडे कुणी पाहिले नव्हते एवढेच.

आता फोटोवरून रेषेचे वय किती ओळखावे याविषयी. फोटो पाहून अवस्था सांगता येते, तारीख सांगता येत नाही. जांभळी किंवा लाल असेल तर अजून ताजी, पांढरी असेल तर जुनी, इतकेच. तीन महिन्यांची जांभळी रेषा आणि दहा महिन्यांची जांभळी रेषा फोटोत अगदी सारखी दिसू शकते. शिवाय फोटोतला रंग हा कातडीइतकाच उजेडाचाही असतो. पिवळ्या बल्बखाली लाली तपकिरी होऊन लपते. समोरून फ्लॅश मारला की खोलगट रेषा सपाट वाटते, आणि उजेड बाजूने आला की तीच रेषा नांगराच्या तासासारखी खोल दिसते. काही मोबाईल तर आपणहून कातडी गुळगुळीत करून दाखवितात. तेव्हा स्वतःसाठी फोटो काढायचा असेल तर दिवसा, त्याच खिडकीपाशी, त्याच वेळेला, तेवढ्याच अंतरावरून, फ्लॅश बंद करून काढावा. शेजारी मोजपट्टी ठेवावी, म्हणजे रुंदी कळते. शंका आली तर बोटाने दाबून पाहावे. लाली रक्ताची असेल तर दाब काढल्यावर क्षणभर ती फिकी दिसते. ही परीक्षा फोटोत होत नाही, ती अंगावरच करावी लागते.

मग क्रीम काहीच करीत नाही काय? करते, पण थोडे, आणि तेही वेळेवर लावले तर. खोबरेल, व्हॅसलीन किंवा साधे मलम कातडीचा कोरडेपणा आणि खाज कमी करते. कातडी मऊ झाल्यामुळे रेषा काही तास कमी उठून दिसते. एवढ्यासाठी घरचे तेल पुरे आहे, महाग ट्यूब लागत नाही. गरोदरपणात कोको बटर किंवा ऑलिव्ह तेल चोळल्याने रेषा येतच नाहीत, हा दावा डॉक्टरी चाचण्यांत टिकलेला नाही.

ज्याचा थोडा खरा उपयोग दिसला आहे असे औषध म्हणजे ट्रेटिनॉइन, म्हणजे अ जीवनसत्त्वापासून केलेले आम्ल. १९९६ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत ते २२ जणांवर पाहिले गेले. काहींनी ०.१ टक्क्याचे हे मलम ताज्या, लाल रेषांवर सहा महिने रोज लावले, तर काहींनी औषध नसलेले तसेच मलम लावले. औषध लावणाऱ्यांच्या रेषांची लांबी सरासरी १४ टक्के आणि रुंदी ८ टक्के कमी झाली. औषध न मिळालेल्यांच्या रेषा उलट काहीशा वाढल्या. या आकड्यांचा अर्थ साध्या मापात पाहू. दहा सेंटीमीटरची रेषा सुमारे साडेआठ सेंटीमीटरची झाली. ती पुसली गेली नाही. शिवाय हे मलम कातडीची आग करते, साले काढते, उन्हाचा त्रास वाढविते आणि सावळ्या कातडीवर काळे डाग मागे ठेवू शकते. दिवसभर शेतात उभे राहणाऱ्या बाईने याचा विचार करावा. गरोदरपणी ते लावू नये. अंगावर पाजणाऱ्या आईने डॉक्टरला विचारल्याशिवाय त्याला हात लावू नये. म्हणजे ताज्या रेषा असतात नेमक्या त्याच काळात पुष्कळ बायांना हे औषध वर्ज्य ठरते.

पांढऱ्या झालेल्या रेषेला कुठलेही क्रीम पुन्हा मूळ रंग देत नाही किंवा तुटलेले तंतू जोडीत नाही. तेथे कातडीच्या डॉक्टरांकडे लेसर किंवा सुयांचे उपचार असतात. त्यांनी काही अंशी सुधारणा होते, पण बैठका अनेक लागतात, खर्च मोठा असतो आणि सावळ्या कातडीला काळे पडण्याचा धोका राहतो. थोरल्या जावेला आम्ही हेच सांगितले. तिच्या रेषा म्हणजे भरून आलेली जुनी जखम होय. त्यांपासून अपाय काही नाही आणि त्यांच्यासाठी मुलाची फी मोडण्याचे कारण नाही.

क्रीम कधी कधी अशा रेषा घालवायचे सोडून निर्माणच करते, ही गोष्ट मात्र आम्हांला अधिक गंभीर वाटते. चिखलणीच्या दिवसांत ओल्या कपड्यांमुळे जांघेत गजकर्ण होते. मग चिठ्ठीशिवाय दुकानातून ट्यूब आणली जाते. तिच्यावर बारीक अक्षरांत क्लोबेटासोल किंवा बीटामेथासोन असे लिहिलेले असते. ही स्टिरॉइडे आहेत. खाज दोन दिवसांत थांबते, पण बुरशी आतून पसरत राहते. जांघेतली आणि काखेतली कातडी मुळातच नाजूक असते. तेथे हे औषध आठवडेच्या आठवडे लावले की आतला थर झिजतो आणि रुंद, जांभळे पट्टे उमटतात. ट्यूब बंद केल्यावर त्यांचा रंग फिका पडतो, पण पट्टे जन्मभर राहतात. तेव्हा आपल्या तरुण मुलाच्या मांडीच्या सांध्यात असे पट्टे दिसले तर लाजेने झाकू नका. त्याने वापरलेली ट्यूब घेऊनच डॉक्टरकडे जा.

आणखी एक खूण ध्यानात ठेवावी. बोटाच्या रुंदीचे जांभळे पट्टे आपोआप उमटले, आणि त्याबरोबर तोंड गोल झाले, हातपाय बारीक व अशक्त झाले, जरा लागले तरी काळेनिळे पडू लागले किंवा रक्तदाब वाढला, तर तो क्रीमचा विषयच नाही. शरीरात स्टिरॉइड जास्त झाल्याची ती चिन्हे असू शकतात. डॉक्टरकडे लवकर जावे. दम्यासाठी किंवा सांध्यांसाठी स्टिरॉइडच्या गोळ्या बरेच दिवस चालू असतील तर त्या आपल्या मनाने एकदम बंद करू नयेत, त्यात जिवाला धोका असतो.

त्या दोघी जावांची गोष्ट एवढ्यावर संपली नाही. धाकटीकडे एक ट्यूब उरली होती. थोरलीने ती तीन महिने फक्त उजव्या बाजूला लावली, डावी बाजू तशीच ठेवली, आणि त्याच खिडकीपाशी फोटो काढले. दोन्ही बाजू सारख्याच निघाल्या. तिने फोटो धाकटीला दाखविला. धाकटी म्हणाली, "ताई, पुढच्या खेपेला मी खोबरेलच लावीन." आमच्या मते ज्या कुणाला अशी ट्यूब घेण्याचा मोह होईल, त्या प्रत्येकीने आधी आपल्या रेषेचा रंग पाहावा, आणि जाहिरातीतल्या दोन फोटोंच्या शेजारी न घातलेल्या वाफ्याचा तिसरा फोटो मागावा. तो कुणी दाखवीत नसेल तर पैसे कनवटीलाच राहू द्यावेत.