एका फेरीत एकच चूक

मुलांनी निबंध लिहून झाला की ते तो एकदा डोळ्यांखालून घालतात आणि "तपासला" म्हणतात. पण आपण लिहिलेले आपल्याला पाठ असते. त्यामुळे डोळा कागदावरचा शब्द वाचत नाही, मनातला वाचतो. यावर उपाय म्हणजे निबंध मोठ्याने वाचायचा आणि एका फेरीत एकाच प्रकारची चूक शोधायची.

समजा, मुलाने लिहिले आहे: "आमच्या शाळेचे वाचनालय जूने आहे. तिथे गरीबांना पुस्तके मोफत मिळतात मी काल एक नवी पुस्तक आणली, पण ते ते वाचून झालेले नाही."

पहिली फेरी वाक्यांची. प्रत्येक शब्दावर बोट ठेवून सावकाश, मोठ्याने वाचा. "मिळतात मी काल" इथे जीभ अडखळते, कारण पूर्णविराम राहिला आहे. "ते ते" दोनदा आले, हेही कानाला लगेच कळते. दुसऱ्या प्रकारची चूक दिसली तर थांबू नका. समासात टिंब द्या आणि पुढे जा.

दुसरी फेरी लिंगाची. हीही मोठ्याने करा. प्रत्येक नामाआधी तो, ती किंवा ते लावून पाहा. घरात उर्दू बोलली जात असेल तर ही फेरी चुकवू नका. उर्दूत "किताब" स्त्रीलिंगी आहे आणि नपुंसकलिंग तर नाहीच. म्हणून "नवी पुस्तक आणली" असे सहज लिहिले जाते. मराठीत "ते पुस्तक", म्हणून "नवे पुस्तक आणले". मात्र घरात सगळेच "नवी पुस्तक" म्हणत असतील, तर कानाला ते खटकणार नाही. शंका आली की शब्दकोश उघडा.

तिसरी फेरी ऱ्हस्व-दीर्घाची. इथे कान उपयोगाचा नाही, कारण "जूने" आणि "जुने" बोलताना जवळपास सारखेच येतात. ही फेरी मुक्याने करा आणि शेवटच्या वाक्यापासून उलट वर जा, म्हणजे अर्थाच्या ओघात डोळा वाहून जात नाही. दोन नियम जवळ ठेवा. शेवटचे अक्षर दीर्घ असेल तर त्याआधीचा इकार-उकार ऱ्हस्व होतो, म्हणून "जुने". "गरीब" मधला दीर्घ "री" प्रत्यय लागताच ऱ्हस्व होतो, म्हणून "गरिबांना". संस्कृतातून जसेच्या तसे आलेले "परीक्षा", "क्रीडा" यांसारखे शब्द या नियमांत बसत नाहीत. ते लक्षातच ठेवावे लागतात.

आता वाक्ये अशी झाली: "आमच्या शाळेचे वाचनालय जुने आहे. तिथे गरिबांना पुस्तके मोफत मिळतात. मी काल एक नवे पुस्तक आणले, पण ते वाचून झालेले नाही."

परीक्षेत मोठ्याने वाचता येत नाही. तिथे आवाज न करता ओठ हलवून वाचावे. वेळ एकाच फेरीपुरता उरला, तर आपल्या मुलाच्या वहीत ज्या प्रकारची चूक सर्वांत जास्त सापडते, तीच फेरी त्याने आधी करावी.