मोजक्या शब्दांची सूचना

उधारीची आठवण देणारे पत्र हा गावच्या व्यापारातील सर्वांत नाजूक कागद होय. जूनमध्ये बियाणे आणि खत उधारीवर जाते, सोयाबीन घरात आले की दिवाळीच्या सुमारास हिशेब मिटतो, अशी वाशीम जिल्ह्यातील जुनी रीत आहे. मालेगाव तालुक्यातील किन्हीराजासारख्या गावी दुकानदार आणि गिऱ्हाईक रोज एकमेकांसमोर येतात. तेथे पत्रातील एक शब्द चुकला तरी पैसेही अडतात आणि रामरामही तुटतो. आता अनेक घरांत हे पत्र मुले किंवा सुना मोबाईलवरील चॅटबॉटकडून लिहवून घेतात. चॅटबॉटला दिलेली लेखी सूचना, म्हणजे प्रॉम्प्ट, जितकी सविस्तर तितके पत्र चांगले, असा समज या कामात सर्वत्र दिसतो. तो तपासून पाहण्याजोगा आहे.

उदाहरणादाखल किन्हीराजा येथील एका बी-बियाण्याच्या दुकानाची कल्पना करावी. तेथील पदवीधर मुलगा पुढील सूचना टंकित करतो: “आमचे दुकान तीन पिढ्यांचे आहे. गिऱ्हाईक शेतकरी आहेत. यंदा पाऊस लांबला, भावही नाही. पत्र नम्र हवे पण ठाम हवे, आपुलकीचे हवे पण व्यावसायिक वाटावे. भाषा शुद्ध असावी, तरी थोडा वऱ्हाडी गोडवा असावा. जुन्या गिऱ्हाइकांना वाईट वाटू नये, पण टाळाटाळ करणाऱ्यांना गांभीर्य कळावे. दुकानाची परंपरा सांगावी, दिवाळीच्या शुभेच्छा द्याव्यात, पुढील हंगामातील नवीन वाणांचाही उल्लेख करावा.”

पत्र येते ते पाच परिच्छेदांचे. पहिल्यात परंपरा, दुसऱ्यात बळीराजाच्या कष्टांविषयी आदर, तिसऱ्यात “परस्पर विश्वासाचे ऋणानुबंध”, चौथ्यात “आपली थकबाकी सोयीनुसार लवकरात लवकर जमा करून सहकार्य करावे” हे एकच वाक्य, आणि पाचव्यात शुभेच्छा व नवीन वाण. वडील ते वाचतात आणि विचारतात, “अरे, यात पैसे मागितलेत कुठे?” भाषेत चूक एकही नसते. मात्र दुकानाचे नाव बदलले, तर हेच पत्र अकोल्याच्या कापड दुकानालाही शोभून दिसेल.

असे का होते, हे समजण्यासाठी यंत्राची रीत ठाऊक असावी लागते. चॅटबॉट पुढचा शब्द निवडतो तो आतापर्यंतचा सर्व मजकूर एकत्र विचारात घेऊन. सूचनेतील प्रत्येक विशेषण त्याला आपल्याकडे थोडे थोडे ओढते. “ठाम” या शब्दाने जी वाक्ये पुढे आली असती, त्यांतील बरीचशी “आपुलकीचे” या शब्दाने मागे पडतात, आणि “व्यावसायिक” म्हटल्यावर घरगुती वाक्येही गळतात. सर्व अटींना एकाच वेळी चालतील अशी वाक्ये शेवटी उरतात, आणि ती स्वभावतःच गुळमुळीत असतात. बँकेत एखाद्या खात्याची सरासरी शिल्लक पाहिली, तर महिन्यातील कोणत्या दिवशी खाते कोरडे पडले होते हे कळत नाही. तसेच हे आहे.

दुसरे कारण असे की, सांगितलेली प्रत्येक गोष्ट वापरायचीच असते, असे यंत्र धरून चालते. ॲपल कंपनीच्या संशोधकांनी २०२४ मध्ये शालेय गणितांवर केलेल्या अभ्यासात हे चांगले दिसून आले. एका मुलाने शुक्रवारी ४४ किवी फळे तोडली, शनिवारी ५८, आणि रविवारी शुक्रवारच्या दुप्पट, पण त्यांतील पाच आकाराने किंचित लहान होती. एकूण फळे किती? उत्तर १९० आहे, कारण लहान फळही फळच. परंतु काही नामांकित मॉडेलांनी पाच वजा करून १८५ असे उत्तर दिले. लहानपणाचा तपशील सांगितला म्हणजे त्याचे काहीतरी केलेच पाहिजे, असा त्यांचा व्यवहार झाला. लांबलेल्या पावसाचा सूचनेतील उल्लेख असाच पत्रात उतरतो, आणि पैसे न देण्याचे कारण दुकानदार स्वतःच गिऱ्हाइकाच्या हाती देऊन बसतो.

आता त्याच कामाची आखूड सूचना पाहावी: “उधारीची आठवण देणारे चार ओळींचे मराठी पत्र लिही. गिऱ्हाईक वयाने मोठे, वीस वर्षांचे. रक्कम १८,४०० रुपये, जूनमधील बियाणे व खताची. धनत्रयोदशीपूर्वी मिळावी.” यातून उतरणारे पत्र साधारण असे असते: “काका, रामराम. जूनमध्ये नेलेल्या बियाणे-खताचे १८,४०० रुपये खात्यावर बाकी आहेत. धनत्रयोदशीपूर्वी दुकानी पोहोचवावेत, ही विनंती. काही अडचण असल्यास एकदा भेटून सांगावे.” “नम्र” हा शब्द सूचनेत नाही, तरी नम्रता आली, वीस वर्षांचे वडीलधारे गिऱ्हाईक म्हटल्यावर ती आपोआप येते. “ठाम” हाही शब्द नाही. रक्कम आणि तारीख यांनीच पत्र ठाम केले.

अर्थात केवळ शब्द कमी करून भागत नाही. “उधारीचे पत्र लिही” एवढेच म्हटले, तर यंत्र जगभरच्या वसुली पत्रांचा जो सर्वसाधारण नमुना आहे तोच पुढे करते, आणि रक्कम-तारखेच्या जागी रिकामे कंस ठेवते. तीही सरासरीच, फक्त दुसऱ्या टोकाची. यंत्राला जे ठाऊक असणे शक्यच नाही ते सांगावेच लागते: कोणाला, किती, कशाचे, केव्हापर्यंत. म्हणून जीएसटीच्या नोटिशीला उत्तर तयार करायचे असेल, तर सूचना लांब होईल आणि व्हायलाच हवी, कारण तेथे प्रत्येक बिल आणि प्रत्येक तारीख ही वस्तुस्थिती असते. कापायच्या असतात त्या इच्छा आणि विशेषणे.

किन्हीराजाच्या त्या लांब सूचनेत आणखी एक गफलत होती, आणि ती अधिक खर्चाची. जुने गिऱ्हाईक आणि तीनदा वायदा मोडलेले गिऱ्हाईक या दोघांना एकच पत्र मागितले गेले. परिणाम असा की, जुन्या माणसाला ते नोटिशीसारखे वाटते आणि वायदा मोडणाऱ्याला शुभेच्छापत्रासारखे. येथे सूचना दोन हव्यात, दोन्ही आखूड. दुसरीत मागील तीन वायद्यांच्या तारखा द्याव्यात आणि पुढील उधारी बंद राहील, हे एक वाक्य मागावे.

पत्र मनासारखे उतरले नाही, की बहुतेक जण त्याच संवादात दुरुस्त्या सांगत राहतात: अजून नम्र कर, नाही, जरा कडक कर, पहिले बरे होते. यंत्र प्रत्येक वेळी हा मागचा सर्व मजकूर पुन्हा विचारात घेते, म्हणजे सूचना न कळत लांबतच जाते आणि सहावा मसुदा पहिल्यापेक्षा पांचट होतो. दोन दुरुस्त्यांत जमले नाही तर नवीन संवाद उघडावा आणि चार ओळी नव्याने लिहाव्यात.

सूर नेमका हवा असेल, तर दहा विशेषणांपेक्षा वडिलांनी पूर्वी लिहिलेले एखादे पत्र नमुना म्हणून द्यावे. नाव, पत्ता आणि मोबाईल क्रमांक मात्र काढून. नमुना एकच असावा. तीन वेगळ्या स्वभावाची पत्रे दिली, तर यंत्र त्यांचीही सरासरी काढते. सूचनेतील कोणता शब्द निरुपयोगी आहे हे ओळखण्याची रीतही सोपी आहे: तो शब्द गाळून नवीन संवादात पत्र पुन्हा मागवावे. एक-दोन शब्दांचा फरक दर वेळी पडतोच, तो सोडून द्यावा. पत्राचा आशय आणि सूर तसाच राहिला, तर गाळलेला शब्द पुन्हा घालू नये. या दुकानाच्या सूचनेतून परंपरा, पाऊस आणि नवीन वाण अशा रीतीने गाळले, तर पत्रातील रकमेचे वाक्य चौथ्या परिच्छेदातून थेट दुसऱ्या ओळीत येते.