वरणाचा काय गुन्हा?

गेल्या वर्षी मे महिन्यात मामाकडे गेले होते. जेवायला बसलो. पानात बटाट्याची भाजी, पोळी, भात, आमरस, सगळं होतं, पण वरणाची वाटी काही दिसेना. मामाचा भात कोरडा, त्यावर नुसतं ताक. ज्या माणसाला लहानपणापासून कुळथाचं पिठलं ओरपताना पाहिलं, त्याचं हे पान बघून मला कसंतरीच झालं.

"अगं, त्याचं युरिक अ‍ॅसिड वाढलंय ना," मामी म्हणाली. "वर्ष झालं, डाळ बंद आहे."

फ्रिजवर चुंबकाने एक छापील कागद लावलेला होता. तूर, मूग, मसूर, सगळी कडधान्यं, पालक, फ्लॉवर, वाटाणे, मशरूम, वांगी, टोमॅटो, सगळं 'वर्ज्य'. असले कागद मी आहारतज्ज्ञ म्हणून गेली कित्येक वर्षं बघते आहे. झेरॉक्सची झेरॉक्स होऊन ते गावोगाव फिरतात. मामाने तो वर्षभर इमानेइतबारे पाळला होता. तरी त्या वर्षात त्याच्या अंगठ्याचा सांधा तीनदा सुजला. रात्री दोन वाजता उठून बसायचा, पांघरूण लागलेलंही सोसायचं नाही. युरिक अ‍ॅसिड आधी 8.9, वर्षभराच्या पथ्यानंतर 8.7.

आता या कागदाबद्दल मला जे वाटतं ते सांगते.

आपल्या पेशींमध्ये प्युरीन नावाची द्रव्यं असतात. ती मोडली की युरिक अ‍ॅसिड तयार होतं. ते रक्तात फार साठलं की सांध्यात त्याचे सुईसारखे स्फटिक बसतात आणि मग तो भयंकर ठणका लागतो. यालाच गाउट म्हणतात. पण यातलं साधारण दोन तृतीयांश युरिक अ‍ॅसिड शरीर स्वतःच तयार करतं, अन्नातून येतो तो उरलेला भाग. आणि बहुतेक रुग्णांचं खरं दुखणं हे की त्यांच्या किडन्या ते पुरेसं बाहेर टाकत नाहीत. त्यामुळे कितीही कडक पथ्य केलं तरी आकडा थोडाच हलतो. मामाचा हलला तितकाच.

मग डाळी-भाज्या त्या यादीत गेल्या कशा? तर जुन्या काळी लोकांनी अन्नातलं प्युरीन मोजलं आणि ज्यात बऱ्यापैकी सापडलं ते सगळं एका रांगेत उभं केलं. खाणाऱ्या माणसांचं पुढे काय होतं हे कोणी पाहिलंच नव्हतं. ते पाहिलं गेलं 2004 साली. अमेरिकेत सत्तेचाळीस हजारांहून जास्त पुरुषांचा बारा वर्षं मागोवा घेतला होता. मांस आणि मासळी जास्त खाणाऱ्यांत गाउट जास्त निघाला, दूध-दही घेणाऱ्यांत कमी. आणि प्युरीनवाल्या भाज्या आणि डाळी? त्यांचा काहीच संबंध दिसला नाही. पुढे सिंगापूरमधल्या चिनी लोकांच्या मोठ्या पाहणीत तर सोयाबीन आणि इतर कडधान्यं जास्त खाणाऱ्यांत गाउट कमीच आढळला.

हे झालं आजार होण्याबद्दल. ज्याला तो आहेच, त्याला डाळ खाऊन झटका येतो का? 2012 साली सहाशेच्या वर रुग्णांत हेही तपासलं गेलं. झटक्याच्या आधीचे दोन दिवस काय खाल्लं आणि एरवी काय खाल्लं, याची तुलना. मांस-मासळीतलं प्युरीन सर्वांत जास्त खाल्लं तेव्हा झटक्याची शक्यता जवळजवळ अडीचपट झाली. वनस्पतींमधलं सर्वांत जास्त खाल्लं तेव्हा दीडपटीहून कमी. म्हणजे अगदी शून्य नाही हे मान्य, पण दोन्ही एका रांगेत बसवण्यासारखं निश्चितच नाही.

आणि वाटीचा हिशोब कुणी करत नाही, ही माझी मोठी तक्रार आहे. तक्त्यातला आकडा असतो 100 ग्रॅम कोरड्या डाळीचा, साधारण 100 ते 150 मिलिग्रॅम. पण वाटीभर वरणात कोरडी डाळ पडते जेमतेम 25 ग्रॅम. म्हणजे प्युरीन 25 ते 40 मिलिग्रॅम. पालक, फ्लॉवर शंभर ग्रॅमला पन्नास-साठ. टोमॅटोत तर जवळजवळ नाहीच. (टोमॅटोने त्रास होतो असं सांगणारे रुग्ण भेटतात. न्यूझीलंडमध्ये तर दर पाचांत एकाने तसं सांगितलं. तुम्हाला स्वतःला दोन-तीनदा तसा अनुभव आला असेल तर जरूर टाळा. पण ज्याला तो आलाच नाही त्याने कशाला?) पालक-टोमॅटोचा घोळ मला वाटतं मुतखड्याच्या यादीतून आला असावा. पालकात ऑक्झॅलेट भरपूर असतं, त्याचे खडे होणाऱ्याला तो जपून खावा लागतो. तो वेगळा आजार, हा वेगळा.

तर मामाच्या पानात डाळ नव्हती, पण कोपऱ्यात जवळ्याची चटणी होती! "चमचा-दोन चमचेच घेतो गं," मामा म्हणाला. त्याच जातकुळीच्या सुक्या बारीक कोळंबीचा आकडा जपानी तक्त्यात 100 ग्रॅमला 700 च्या वर आहे. पंधरा ग्रॅम जवळा म्हणजे शंभरच्या वर, म्हणजे तीन-चार वाट्या वरण. शिवाय डाळीची जागा भरून काढायला बटाटा, बिस्किटं आणि उन्हाळाभर उसाचा रस. साखरेतलं फ्रुक्टोज शरीरात मोडताना युरिक अ‍ॅसिड वाढवतं, हे त्या कागदावर कुठेच नव्हतं. रविवारची बिअरही नव्हती. वर्षात वजन चार किलोंनी वाढलेलं.

मग मी औषधांचा डबा मागितला. ब्लडप्रेशरच्या गोळीत हायड्रोक्लोरोथायझाइड होतं. ही लघवी वाढवणारी गोळी युरिक अ‍ॅसिड वाढवते. वर्षभर कोणी तिच्याकडे पाहिलंच नव्हतं. सगळा दोष वरणाचा! (स्वतःहून गोळी बंद करायची नाही, हे मात्र मामाला तीनदा बजावलं.) डॉक्टरांनी ती बदलून लोसार्टन दिली, ती उलट युरिक अ‍ॅसिड थोडं कमी करते. अ‍ॅलोप्युरिनॉल 100 मिलिग्रॅमने सुरू केलं, हळूहळू वाढवलं, सोबत काही महिने कोल्चिसिन. कारण सुरुवातीला आकडा उतरताना जुने स्फटिक सुटतात आणि झटका येऊ शकतो. मामाला दुसऱ्या महिन्यात आलाच. "गोळीनेच वाढलं" म्हणून तो सोडून देणार होता. मामीने सोडू दिली नाही.

आणखी एक सांगायचं राहिलं. माझ्याकडे येणाऱ्यांत निम्मे असे असतात की त्यांना गाउट नाहीच! तपासणीत 7.2 आलं, कधी सांधा सुजलेला नाही, तरी घरातली डाळ बंद. शाकाहारी माणसाची डाळ काढली की प्रथिनांना उरतं काय? किडनीच खराब असेल तर डाळीचं प्रमाण वेगळ्या कारणांसाठी ठरवावं लागतं, ते डॉक्टरांना विचारूनच. बाकीच्यांनी मात्र त्या कागदावर विसंबू नये असं माझं स्पष्ट मत आहे. उलटही होतं, ऐन झटक्यात रक्त तपासलं तर आकडा नॉर्मल येऊ शकतो आणि "गाउट नाही" म्हणून सोडून देतात. दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा तपासायला हवं.

दिवाळीत मामाचा आकडा 5.8 होता, सहाच्या खाली हवा तसा. मामीने कुळथाचं पिठलं केलं होतं. मामा दोन वाट्या जेवला, मग हळूच म्हणाला, "आणि जवळा गं?"

मी नाहीच म्हटलं. रुसला थोडा.