आधी कॅश, शेवटी रीसेट

सियागंजातल्या किराणा पेढीवरचा 64 जीबीचा फोन घ्या. हळदी-जिऱ्याच्या नमुन्यांचे फोटो, बाजारभावाचे निरोप, उधारीच्या नोंदी यांनी तो गच्च भरतो आणि एके सकाळी कंपनीचा लोगो दाखवून बंद पडतो. पुन्हा लोगो, पुन्हा अंधार. दुरुस्तीवाला सांगतो, "भाऊ, रीसेटच मारावा लागेल." पहिला उपाय म्हणून हा सल्ला साफ चुकीचा आहे.

त्याचा युक्तिवाद असा, की कॅश पुसून काही होत नाही, उगाच वेळ जातो. रीसेटने फोन सुरू होतो. यात अर्धे सत्य आहे. ज्या फोनमध्ये कॅश पार्टिशन असते, तिथे ते वेगळे असते. त्यात मुख्यतः अपडेटच्या तात्पुरत्या फायली आणि रिकव्हरीच्या नोंदी राहतात. फोटो, अ‍ॅप आणि त्यांची स्वतःची कॅश डेटा पार्टिशनमध्ये असते. एक गोदाम झाडल्याने दुसऱ्यात जागा होत नाही, तसेच हे. म्हणून "जागा भरली? कॅश पुसा" हा घरोघरचा सल्लाही तितकाच चुकीचा.

पण यावरून रीसेट योग्य ठरत नाही. रीसेटने डेटा पार्टिशनच पुसले जाते. आजच्या फोनमधला डेटा कूटबद्ध असतो. रीसेटमध्ये त्याच्या किल्ल्याही जातात, मग फोटो परत काढता येत नाहीत. याउलट कॅश पुसल्याने एकही फोटो जात नाही. अपडेटनंतर फोन अडकला असेल, तर हा उपाय अनेकदा लागू पडतो. जो उपाय काही हिरावत नाही, तो आधी करावा.

सॅमसंगमध्ये फोन बंद करून पॉवर आणि व्हॉल्यूम अप दाबून धरा. नव्या मॉडेलमध्ये त्या वेळी फोन केबलने कॉम्प्युटरला जोडलेला लागतो. व्हॉल्यूमच्या बटणांनी `Wipe cache partition` वर या, पॉवरने निवडा, `Yes` ने दुजोरा द्या, मग `Reboot system now`. यादीत जवळच `Wipe data/factory reset` असते, म्हणून प्रत्येक ओळ वाचूनच बटण दाबा. पिक्सेलसारख्या फोनमध्ये कॅशची ओळच नसते. ती दिसली नाही म्हणून रीसेटकडे वळू नका.

फोन लोगोपुढे जाऊन, लॉक स्क्रीन दाखवून मग बंद पडत असेल, तर संशय भरलेल्या जागेवर किंवा एखाद्या अ‍ॅपवर घ्या. सॅमसंगमध्ये लोगो दिसताच व्हॉल्यूम डाउन दाबून धरा. सेफ मोड लागला, तर बाहेरून घेतलेली अ‍ॅप बंद राहतात. हवे ते फोटो केबलने कॉम्प्युटरवर उतरवा, मोठे व्हिडिओ उडवा आणि गॅलरीचा ट्रॅशही रिकामा करा. तोवर जागा मोकळी होत नाही. `Can't load Android system` असा इशारा आला, तर आधी `Try again` निवडा.

हे सगळे करूनही फोन उठला नाही, तरच रीसेटला संमती द्या. दुकानात फोन देताना स्पष्ट सांगा: मला विचारल्याशिवाय डेटा पुसायचा नाही.