साठ सेकंदांचा तास

शाळेत मराठी शिकवायचे तेव्हा एक तास पस्तीस मिनिटांचा असायचा. त्यातली दहा तर हजेरीतच जायची. आता आमच्या मंडळातल्या एका सीपीए मैत्रिणीला मोबाइलसाठी छोटे माहितीपर शॉर्ट लिहून द्यायला मदत करते. तिथे सगळा तासच साठ सेकंदांचा! म्हणजे बोलण्याच्या वेगाने साधारण सव्वाशे शब्द.

तिचे सुरुवातीचे शॉर्ट म्हणजे तिच्या ऑफिसची पाटीच होती. अनुभव किती, सेवा कोणत्या, पहिली भेट मोफत. कोणी पाहिनात. आपण तरी जाहिरात थांबून कधी पाहतो? मग ठरवलं, लोकांना खरोखर पडणारा एकच प्रश्न घ्यायचा आणि त्याचं पूर्ण उत्तर द्यायचं. पहिला प्रश्न आपल्या घरोघरचा निघाला: "पुण्यात आईबरोबर जॉइंट खातं आहे. ते अमेरिकेत दाखवावं लागतं का?"

शॉर्टचं पहिलं वाक्य म्हणजे हाच प्रश्न, जसा विचारला जातो तसा. नमस्कार नाही, संगीत नाही. दुसऱ्या वाक्यात उत्तर: परदेशातल्या तुमच्या सगळ्या खात्यांची मिळून रक्कम वर्षात कधीही 10,000 डॉलरच्या वर गेली असेल, तर हो. मग कागदावर पेनाने हिशेब. एनआरई बचत खात्यात वर्षातली सर्वांत मोठी शिल्लक 3 लाख, मुदत ठेव 4 लाख, आईबरोबरच्या खात्यात अडीच लाख. एकूण साडेनऊ लाख. डॉलर 85 रुपये धरला तर 11,176 डॉलर. एकही खातं एकटं मर्यादेपर्यंत पोचत नाही, पण बेरीज ओलांडते, आणि नेमकी हीच गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही. जॉइंट खात्यातला अर्धा वाटा नाही, पूर्ण रक्कम धरायची. पैसे आईच्या पेन्शनचे असले तरीही. (खऱ्या हिशेबाला अमेरिकन ट्रेझरीचा वर्षअखेरचा दर घ्यायचा, हे तिने पेनानेच कोपऱ्यात लिहिलं.)

शेवटची पंधरा सेकंदं मला सगळ्यांत मोलाची वाटतात. तिने सांगितलं, हा फॉर्म म्हणजे एफबार, FinCEN 114. तो टॅक्स रिटर्नबरोबर जात नाही. सरकारच्या BSA E-Filing वर स्वतः भरता येतो, फुकट. मुदत 15 एप्रिल, ती आपोआप 15 ऑक्टोबरपर्यंत वाढते. हा फॉर्म भरला म्हणून कर लागत नाही, ही नुसती माहिती आहे. म्हणजे जे काम करून ती पैसे घेऊ शकली असती, ते घरी कसं करायचं हेच तिने सांगून टाकलं. तिच्या नवऱ्याला ते मुळीच पटलं नव्हतं! पण ज्याची तीन साधी खाती आहेत त्याला तिची गरज नाही, आणि ज्याने मागची पाच वर्षं भरलेलंच नाही त्याला खरी गरज आहे. म्हणून शेवटचं वाक्य त्याच्यासाठी: "मागची वर्षं राहिली असतील तर घाईने काही भरू नका, आधी जाणकाराला विचारा." माझ्याचकडे या, असं म्हटलं नाही. फोन नंबरही नाही.

दंडाचे आकडे लाल अक्षरांत दाखवावेत, असं एकाने सुचवलं होतं. त्याने पाहणारे वाढतील, पण घाबरलेला माणूस धड ऐकत नाही, हे मी वर्गात पाहिलंय. एनआरई ठेवीच्या व्याजाचा मुद्दाही मी खोडला. ते व्याज भारतात करमुक्त असलं तरी अमेरिकेच्या रिटर्नमध्ये दाखवावं लागतं, पण तो वेगळा धडा, वेगळा शॉर्ट. एका तासात दोन धडे घेतले की मुलं दोन्ही विसरतात.

एका गोष्टीबद्दल मात्र ती माझ्याहून कडक. उदाहरण कधीच खऱ्या ग्राहकाचं नाही, नाव बदलूनसुद्धा नाही. आपली मंडळं केवढी? "नाशिकचं घर विकलेले एक काका" म्हटलं की दिवाळीच्या फराळापर्यंत काका कोण ते सगळ्यांना ठाऊक! कोणी प्रतिक्रियेत स्वतःचे आकडे लिहिले तर ती काढून टाकते आणि खासगीत लिहायला सांगते. प्रत्येक शॉर्टवर कोणत्या करवर्षासाठी आहे ते लिहिलेलं असतं, आणि नियम बदलला की जुना उतरवते.

शॉर्ट जमला की नाही हे किती जणांनी पाहिला यावरून मी ठरवत नाही. "छान माहिती" या शेऱ्यावरूनही नाही. पुढचा प्रश्न नेमका आला, तर मागचा धडा कळला. या शॉर्टनंतर एका ताईंनी विचारलं, "खातं बाबांचंच आहे, पैसा माझा नाही, मला फक्त सहीचा अधिकार आहे. मग?" तरीही ते एफबारच्या बेरजेत धरायचं. तोच आमचा पुढचा शॉर्ट, या आठवड्यात लिहितेय. सध्या एकशे चाळीस शब्द झालेत, पंधरा कापायचेत.